भाऊ गेल्यावर बहिणीला काय म्हणावं

'आईला सांभाळ हं.' 'वहिनीकडे लक्ष दे, ती फार खचलीय.' 'मुलं लहान आहेत, आता तुलाच बघायला हवं.' पाठचा भाऊ किंवा बहीण गेलेल्या माणसाला पहिल्या पंधरा दिवसांत जे ऐकावं लागतं, त्यातलं बरंचसं असं असतं. बोलणाऱ्याच्या मनात माया असते आणि काळजीही खरी असते. पण नीट ऐकलं तर त्यात समोरच्या माणसासाठी काहीच नसतं. सांत्वन म्हणून त्याच्यावर एक जबाबदारी टाकलेली असते आणि दुःख दुसऱ्या कुणाचं तरी आहे, असं नकळत सांगितलेलं असतं.

प्रौढ वयात भावंड जातं तेव्हा हे हमखास घडतं, कारण दुःखाचा पहिला मान कुणाचा, याची एक उतरंड आपल्या मनात पक्की असते. पत्नी किंवा पती, मुलं, आईवडील आणि मग बाकीचे. वर्तमानपत्रातली निधनवार्ता पाहा. 'त्यांच्या पश्चात आई, पत्नी, दोन मुलं, एक भाऊ, विवाहित बहीण असा परिवार आहे.' बहीण वाक्याच्या शेवटी येते आणि कधी कधी येतही नाही. लग्न झालेल्या बहिणीला माहेरचं सुतक पूर्ण दहा दिवस नसतं, ही अनेक घरांतली रीत. कायद्याची रचनाही तशीच आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाची मालमत्ता आधी पत्नी, मुलं आणि आई यांच्याकडे जाते. भावंडं दुसऱ्या वर्गातले वारस असतात, त्यातही वडिलांच्या नंतरचे. मालमत्तेच्या बाबतीत हा क्रम समजण्यासारखा आहे. घोटाळा होतो तो आपण शोकालाही तोच क्रम लावतो तेव्हा.

अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा दुःखाची नीट मांडणी केली. माणसाचं काहीतरी खरोखर हरवलेलं असतं, पण त्यावर उघडपणे शोक करण्याचा हक्क आजूबाजूचे लोक मान्य करत नाहीत, असं हे दुःख. याचा परिणाम असा होतो की दुःख करणाऱ्यालाच आपलं रडणं जास्तीचं वाटू लागतं. 'वहिनीसमोर मी कशी रडू?' असं म्हणून बहीण न्हाणीघरात जाऊन रडते, बाहेर येऊन सगळ्यांना चहा विचारते आणि लोक म्हणतात, 'ही किती खंबीर आहे बघा.'

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. समजा, मीना नावाची पन्नाशीची बाई नाशिकला राहते. तिचा धाकटा भाऊ सुनील कोल्हापूरला होता. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. मागे त्याची बायको, दोन मुलं आणि पंचाहत्तरीची आई. मीना रात्रीतून कोल्हापूर गाठते, तेराव्यापर्यंत तिथेच राहते, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बघते, आईच्या गोळ्या सांभाळते आणि मग नाशिकला परतते. भेटायला येणारे सगळे कोल्हापूरच्या घरी येऊन गेलेले असतात. नाशिकच्या तिच्या घरी कुणी येत नाही, कारण मृत्यू त्या घरातला नव्हता. सोमवारी ती कामावर जाते. शेजारीण जिन्यात भेटते आणि विचारते, 'आई कशी आहे गं आता?'

या बाईला काय लिहायचं आणि काय म्हणायचं, हा खरा प्रश्न.

मोबाइलवर येतं ते असं: 'भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो आणि कुटुंबीयांना हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो.' त्याखाली जोडलेल्या हातांचं चित्र. यात वाईट काही नाही. पण श्रद्धांजली सुनीलला वाहिलेली आहे आणि प्रार्थना कुटुंबीयांसाठी आहे. 'कुटुंबीय' म्हटलं की मीनाच्याच डोळ्यांसमोर वहिनी, मुलं आणि आई येतात. तिला उद्देशून त्या मजकुरात एक शब्द नाही. तोच मजकूर कुणीही, कुणालाही, कुणाच्याही मृत्यूनंतर पाठवू शकतो.

त्याऐवजी असं लिहिता येईल: 'मीना, सुनील गेल्याचं आत्ता कळलं. तुझा धाकटा भाऊ गेला, काय बोलावं ते सुचत नाही. तुमच्या घरी आलं की तो तुझी खोडी काढायचा आणि तू लटकंच चिडायचीस, ते सारखं आठवतंय. याला उत्तर देऊ नकोस. रविवारी संध्याकाळी फोन करीन, नाही उचललास तरी चालेल.'

यात कुठेही मोठा विचार नाही. पण प्रत्येक वाक्य एक काम करतं. गेलेल्या माणसाचं नाव घेतलं आहे, 'तुझा भाऊ' असं नसून 'सुनील'. पुष्कळ लोक नाव घ्यायला कचरतात, समोरच्याला त्रास होईल म्हणून. ज्याचा माणूस गेला आहे त्याच्या डोक्यात ते नाव दिवसभर चालूच असतं, ते तुमच्या तोंडून ऐकलं तर बरंच वाटतं. मग नातं सांगितलं आहे, आणि ते मीनाच्या बाजूनं. 'वहिनीचा नवरा', 'मुलांचा बाबा' अशी सुनीलची ओळख करून न देता 'तुझा धाकटा भाऊ' म्हटलं आहे. माझ्या मते सगळ्या मजकुरात हे तीन शब्द सर्वांत मोलाचे, कारण त्यांनी दुःख मीनाच्या नावावर केलं. पुढे एक आठवण आहे. 'तो फार चांगला माणूस होता' ही आठवण नव्हे. आठवण म्हणजे तुम्ही स्वतः पाहिलेलं काहीतरी, जे दुसरा कुणी लिहू शकत नाही. शेवटी मागणी काहीच नाही. 'काही लागलं तर सांग' हे वाक्य मनापासून म्हटलेलं असलं, तरी काय लागतंय ते शोधायचं आणि मागायचं कामही तिच्याच गळ्यात घालतं. 'रविवारी संध्याकाळी फोन करीन' यात तिला करायचं काही उरत नाही. अर्थात मग रविवारी फोन करायलाच हवा.

सुनीलला तुम्ही कधी पाहिलंच नसेल तर? नोकरीच्या ठिकाणी बहुतेकांची हीच अडचण असते. तरीही सांगण्यासारखं काहीतरी असतं, कारण मीनाला तुम्ही पाहिलेलं असतं. 'मी सुनीलला कधी भेटले नाही. पण शनिवारी दुपारी त्याचा फोन आला की तू डबा अर्धवट टाकून बाहेर जायचीस आणि हसत परत यायचीस. त्या हसण्यावरूनच तो मला माहीत होता.' हे लिहायला भावाची ओळख लागत नाही.

वरिष्ठांना किंवा फारशी सलगी नसलेल्या माणसाला लिहिताना भाषा बदलते, गाभा तोच राहतो. 'सर, आपल्या थोरल्या भगिनींच्या निधनाची बातमी कळली, फार वाईट वाटलं. लहानपणी त्यांनीच आपला अभ्यास घेतला, असं आपण एकदा सांगितलं होतं. आपल्या दुःखात मी सहभागी आहे. शुक्रवारच्या बैठकीची तयारी मी करून ठेवतो, त्याची काळजी नसावी.' 'आपल्या थोरल्या भगिनी' यात नातं आलं, अभ्यासाच्या उल्लेखात त्या नात्याचा पोत आला आणि मदत नेमकी सांगितली गेली.

प्रत्यक्ष भेटीत शब्द कमी लागतात, पण क्रम महत्त्वाचा असतो. मीनाला भेटल्यावर पहिला प्रश्न तिच्याबद्दल विचारावा. 'तू कशी आहेस?' असं विचारून थांबावं. ती सवयीनं म्हणेल, 'मी ठीक आहे गं, आईचंच कठीण आहे.' इथे बहुतेक जण आईकडे वळतात आणि भेट तिथेच हातची जाते. तेव्हा एवढंच म्हणावं, 'आईचं विचारीनच. आधी तुझं सांग.' आपलं बोलणं योग्य जागी पोचलं की नाही, हे ओळखायची एक साधी खूण आहे. समोरच्याच्या उत्तरात कोण येतंय ते पाहा. उत्तरात आईचा रक्तदाब, वहिनीची नोकरी आणि मुलांच्या परीक्षा एवढंच येत असेल, तर आपण बातमी विचारली. उत्तरात 'आम्ही लहान असताना' असं काही आलं, तर ती स्वतःच्या भावाबद्दल बोलू लागली आहे. मग आपण गप्प बसावं.

'नक्की झालं काय?' हा प्रश्न शक्यतो टाळावा. तेरा दिवसांत तिनं तो प्रसंग प्रत्येक येणाऱ्याला पहिल्यापासून सांगितलेला असतो: छातीत कळ कधी आली, रिक्षा कशी मिळाली नाही, डॉक्टर काय म्हणाले. 'सांगावंसं वाटलं तर सांग, नाही तर राहू दे' एवढं पुरेसं आहे.

आणखी काही वाक्यं चांगल्या मनानं म्हटली जातात आणि लागतात. 'तुला अजून एक भाऊ आहे ना' हे त्यातलं सर्वांत वाईट. दोन भाऊ म्हणजे एकाच नात्याच्या दोन प्रती नव्हेत. 'आजपासून मीच तुझा भाऊ' हे म्हणणारा खरोखर प्रेमानं म्हणतो, पण पंधरा दिवसांपूर्वी गेलेल्या माणसाची जागा भरायची घाई त्यात असते. तो आधार पुढे वर्षभर वागण्यातून दिला तर जास्त पोचतो. आणि 'तूही एकदा हृदय तपासून घे बाई' हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. सख्ख्या भावाला पंचावन्नच्या आत किंवा सख्ख्या बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टर भावंडांसाठी तो धोक्याचा एक निर्देशक धरतात. मीनाच्या मनात ती भीती आधीच शिरलेली असते. भावंडाच्या मृत्यूत हा एक वेगळाच धागा असतो: रक्त तेच आणि वयही जवळपास तेच. पण पहिल्या भेटीत हे बोललं की तिचा भाऊ तिच्यासमोर आजाराचा दाखला होऊन उभा राहतो. महिन्याभरानं, जवळच्या माणसानं, 'तपासणीला मी सोबत येते' असं म्हणावं.

भाऊ गेला की बहिणीचं नेमकं काय जातं, हे कळलं तर शब्द सुचणं सोपं होतं. नवरा किंवा बायको आयुष्यात पंचविशी-तिशीत येते. मुलं त्यानंतर. आईवडील बहुधा आपल्या आधी जातात. जन्मापासून म्हातारपणापर्यंत सोबत राहील असं नातं भावंडांचंच. जुन्या घरातली मोरी, वडिलांचा राग यायच्या आधीची ती शांतता, आईनं पैसे कुठे लपवले होते, शेजारच्या काकूंना मागून काय नाव ठेवलं होतं, हे सगळं सुनील आणि मीना या दोघांनाच ठाऊक होतं. आता एखादी गोष्ट 'असंच होतं ना रे?' म्हणून पडताळून घ्यायला कुणी नाही. वहिनीचं दुःख मोठं आहे, पण ती या घरात आली तेव्हा सुनील मोठा झालेला होता. लहान सुनीलच्या आठवणी आईइतक्याच मीनाकडे आहेत, आणि आईची स्मृती आता दगा देते.

आपल्या परंपरेला हे दुःख अनोळखी नाही. ज्ञानेश्वरांनी शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६ मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीला समाधी घेतली. परंपरेनुसार त्यानंतर थोड्याच काळात सोपानदेव सासवडला आणि मुक्ताबाई तापीकाठी गेल्या, आणि ही तिन्ही धाकटी भावंडं गेलेली पाहून थोरले निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी समाधिस्थ झाले. नामदेवांच्या नावावर असलेल्या समाधीच्या अभंगांत निवृत्तिनाथांचा शोक आडपडदा न ठेवता आला आहे. ते ज्ञानेश्वरांचे गुरू होते, तरी त्या अभंगांत दिसतो तो धाकट्या भावाला निरोप देताना उन्मळून पडलेला थोरला भाऊ. आईवडील केव्हाच गेलेले होते. त्यामुळे सांत्वन दुसऱ्या कुणाकडे वळवायची सोयच नव्हती, आणि कदाचित म्हणूनच भावाचं दुःख तिथे भावाचंच राहिलं.

म्हातारपणी भावंड गेलं तर हे दुःख आणखीच झाकलं जातं. ब्याऐंशी वर्षांची बहीण गेली आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा भाऊ मागे राहिला, की लोक म्हणतात, 'वय झालंच होतं, सोनं झालं.' गेलेल्या बाईच्या दृष्टीनं ते खरंही असेल. पण त्या म्हाताऱ्याला 'बाळ्या' म्हणून हाक मारणारं शेवटचं माणूस गेलेलं असतं. त्याच्याशी वय सोडून बोलावं. 'काका, अक्का गेल्या. तुम्ही दोघं शाळेत कुठल्या वाटेनं जायचात?' असं विचारलं तर तो तासभर बोलेल. अशा वेळी घड्याळ पाहू नये.

सर्वांत अवघड जागा आहे ती दुरावलेल्या भावंडांची. आपल्याकडे वाटणीवरून, बांधावरून, आईच्या औषधपाण्याच्या खर्चावरून दहा-दहा वर्षं न बोलणारे भाऊ घरोघरी आहेत. त्यातला एक जातो. दुसरा स्मशानात बाजूला उभा राहतो. त्याच्याजवळ कुणी जात नाही, कारण त्याला दुःख झालं असेल का, हेच लोकांना ठरवता येत नाही. त्याच्या मनात राग असतो, अपराधीपणा असतो, कधी सुटल्याची भावनाही असते आणि भांडण मिटायची शक्यता आता कायमची संपली, हे वेगळंच. त्याला 'शेवटी एकदा बोलायला हवं होतंस' म्हणणं क्रूरपणाचं आहे. ते तो स्वतःला रोज म्हणतोय. 'जाऊ दे, आता विसर सगळं' हेही नको, कारण विसरण्यासारखं ते नसतं. 'तुझं त्याच्यावर फार प्रेम होतं, मला माहीत आहे' असं गोड खोटं तर मुळीच नको. खरं आहे तेवढंच बोलावं: 'दादा, तुमचा भाऊ गेला. तुमच्या दोघांत जे होतं त्यात मी पडत नाही. पण भाऊ गेला, हे खरं आहे आणि तुमच्यावर काय गुदरत असेल याचा विचार मनात येतो. बोलावंसं वाटलं तर मी ऐकीन, नाही वाटलं तर नुसते बसू.' भाऊ दारूपायी किंवा आत्महत्येनं गेला असेल, तरी हीच रीत धरावी. कारणाबद्दल अवाक्षर काढू नये, पण नातं मात्र नावानं घ्यावं.

पहिल्या पंधरवड्यानंतरचे शब्द बहुतेक जण विसरतात, आणि मीनाला ते तेव्हाच लागतात. तिच्या वर्षात काही दिवस असे येतात जे तिच्या वहिनीच्या दिनदर्शिकेत नसतात. नारळी पौर्णिमेला बाजारात राख्या टांगलेल्या असतात. कार्तिक शुद्ध द्वितीयेला भाऊबीज येते आणि ओवाळायचं कुणाला, हा प्रश्न ताटासमोर उभा राहतो. त्या दिवशी सकाळी शुभेच्छांचे संदेश तिलाही येत राहतात, कारण पाठवणाऱ्यांनी यादी बदललेली नसते. पहिली पायरी म्हणून तिला त्या यादीतून वगळावं. दुसरी म्हणून आदल्या संध्याकाळी एवढं लिहावं: 'मीना, उद्या भाऊबीज. सुनीलची आठवण तुला येणारच, मलाही येतेय. उद्या दुपारी मी घरी आहे. ये, किंवा नको येऊस.' आणि या वर्षात कधीतरी नवीन ओळखीचं कुणी तिला विचारेल, 'तुम्ही किती भावंडं?' ती क्षणभर थांबेल. तुम्ही शेजारी असाल तर तिच्या वतीनं उत्तर देऊ नका. ती 'दोघं' म्हणाली तर दोघं, 'मी एकटीच' म्हणाली तर तेही बरोबर.

पाच-सहा महिने उलटले आणि आपण काहीच बोललो नाही, आता कुठल्या तोंडानं बोलावं, असं वाटून अनेक जण कायमचे गप्प राहतात. उशिराचा मजकूर मात्र बहुधा जास्त वाचला जातो, कारण तोवर बाकीचे सगळे थांबलेले असतात. लांबलचक क्षमायाचना नको, नाही तर तिलाच तुमची समजूत घालावी लागेल. 'मीना, तेव्हा तुला लिहायचं राहूनच गेलं. सुनीलचा विचार मात्र तेव्हापासून मनात आहे. तो लहानपणी कसा होता, हे मला कधी तुझ्याकडून ऐकायचंय.' तिचं उत्तर आठवड्याभरानं येईल, किंवा नुसते जोडलेले हात येतील. जोडलेले हात आले तर त्यावर पुन्हा काही लिहू नये, आणि पुढच्या महिन्यात तिच्या घरी जाऊन यावं, नाशिकच्या.